बाळाचा खाऊ की घरचे पीठ? लेबलावरच्या एका ओळीने बदललेला हिशेब

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावचे असून २०२२ साली घडलेले आहे. संबंधित व्यक्तीची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव व काही तपशील गाळले आहेत. उद्योजिकेचा उल्लेख येथे केवळ ‘ताई’ असा केला आहे, कारण आमच्या सल्ला केंद्रात त्यांना सगळे तसेच म्हणत असत. शुल्काचे आणि मर्यादांचे आकडे त्या वर्षी लागू असलेले आहेत.

पार्श्वभूमी

ताईंच्या धाकट्या मुलाला सहाव्या महिन्यापासून त्यांच्या सासूबाई नाचणीचे सत्त्व देत असत. पद्धत घरोघरची होती. नाचणी निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घालायची, सकाळी उपसून सुती कापडात बांधून ठेवायची आणि साधारण दीड दिवसाने बारीक मोड आले की पसरून वाळवायची. मग मंद आचेवर भाजून दळायची आणि पीठ वस्त्रगाळ करायचे. सोसायटीतल्या दोन-तीन नव्या आयांनी ते मागून नेले, त्यांनी मैत्रिणींना सांगितले, आणि २०२२ च्या मार्चपर्यंत ताईंना पैसे देऊन घेणारे गिऱ्हाईक मिळू लागले.

त्यांनी मांडलेला हिशेब नेटका होता. घरघंटीला १६,००० रुपये, पिशव्या बंद करण्याच्या सीलरला १,८००, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याला १,२००, रंगीत छापील एक हजार पिशव्यांना ५,००० आणि पहिल्या मालाला ३,००० असे सगळे मिळून २७,००० रुपये होत होते. जागा घरचीच होती, वाळवण इमारतीच्या गच्चीवर होणार होते, मनुष्यबळ म्हणजे त्या आणि सासूबाई, आणि जाहिरात म्हणजे मोबाइलवर टाकलेल्या छोट्या चित्रफिती. पाव किलोची पिशवी १६० रुपयांना जात होती आणि महिन्याला नव्वदच्या आसपास पिशव्या विकल्या जात होत्या.

पिशवीच्या दर्शनी बाजूला रांगत्या बाळाचे चित्र होते. त्याखाली ‘सहा महिन्यांपुढील बाळांसाठी पहिला पौष्टिक आहार’ असे छापले होते आणि मागच्या बाजूला ‘वजन वाढते, हाडे बळकट होतात’ अशी ओळ होती. पुढचे सगळे प्रकरण या तीन गोष्टींतून, म्हणजे चित्र, वय आणि दावा यांतून निघाले आहे.

येथे माझी चूकही नोंदवतो. एप्रिलमध्ये आमच्या प्रशिक्षण वर्गात ताईंनी हीच पिशवी दाखवली होती. मी तिचे वजन, छपाई आणि किंमत पाहिली, नफ्याचे प्रमाण विचारले आणि छपाई चांगली झाल्याचे सांगितले. त्यावर काय लिहिले आहे हे मी वाचले होते, पण परवान्याच्या नजरेने वाचले नव्हते.

अडचण कोठे उघड झाली

जुलैमध्ये एका बालरुग्णालयाच्या आवारातील औषध दुकानाने दरमहा दीडशे पिशव्यांची विचारणा केली. दुकानदाराने एकच अट घातली: पिशवीवर अन्नसुरक्षेचा चौदा अंकी क्रमांक हवा. त्याखेरीज, तेथील परिचारिकेने आयांना हे पीठ सुचवावे म्हणून तिला पिशवीमागे काही रक्कम द्यावी आणि सुरुवातीला पन्नास नमुना पिशव्या रुग्णालयात मोफत वाटाव्यात, असे तोंडी ठरत होते. ताई क्रमांक कसा काढायचा हे विचारण्यासाठी आमच्याकडे आल्या. हे काम दहा मिनिटांचे आहे अशी त्यांची समजूत होती, आणि खरे सांगायचे तर ती अगदीच चुकीची नव्हती.

तेव्हा वर्षाला बारा लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान खाद्यव्यावसायिकाला पूर्ण परवाना लागत नसे, नोंदणी पुरत असे. तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते आणि ती एकदम पाच वर्षांसाठी घेता येत असे. अर्ज ऑनलाइन होतो; छायाचित्र, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. पण अर्जात पदार्थाचा प्रकार निवडावा लागतो, आणि तेथे आम्ही दोघेही अडखळलो. ‘तृणधान्याचे पीठ’ निवडायचे की ‘बाळांचे अन्न’? पिशवी एक सांगत होती आणि पिठाचा स्वभाव दुसरे. तेव्हा अर्ज तसाच बाजूला ठेवून आम्ही पिशवी पुन्हा वाचायला घेतली.

१९९२ सालचा एक केंद्रीय कायदा बाळांच्या दुधाला पर्याय असणारे पदार्थ, दुधाच्या बाटल्या आणि बाळांचे अन्न यांचे उत्पादन, पुरवठा व वाटप नियंत्रित करतो. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यात बाळांच्या अन्नाची व्याख्या पदार्थाच्या घटकांवरून केलेली नाही. आईच्या दुधाला पूरक म्हणून सहा महिन्यांनंतर आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जे अन्न, मग त्याला कोणतेही नाव असो, विकले जाते किंवा तसे म्हणून मांडले जाते, ते या व्याख्येत येते. म्हणजे नाचणी तीच आणि दळण तेच असले, तरी पिशवी काय म्हणते यावरून कायदा बदलतो.

या व्याख्येत शिरल्यावर ताईंच्या योजनेतील जवळजवळ प्रत्येक स्वस्त गोष्ट अडचणीची ठरत होती. अशा अन्नाची जाहिरातच करता येत नाही, आणि जाहिरातीच्या अर्थात इलेक्ट्रॉनिक प्रसारणही येते. तेव्हा मोबाइलवरच्या चित्रफिती बाद झाल्या. वेष्टनावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र चालत नाही. म्हणजे पिशवीची दर्शनी बाजूच बाद झाली. आरोग्य कर्मचाऱ्याला या अन्नाच्या प्रसारासाठी पैसे किंवा भेट देणे मना आहे; त्यामुळे परिचारिकेला रक्कम देण्याचा विषय तेथेच संपला, आणि त्याच्याबरोबर नमुना वाटपही. जाहिरातबंदीच्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम वाचून ताईंच्या यजमानांना हसू आले. कैदेचा शब्द वाचल्यावर ते थांबले.

दुसरा मुद्दा पैशाच्या दृष्टीने मोठा होता. बाळांसाठीच्या प्रक्रिया केलेल्या तृणधान्य अन्नाला त्या वेळी भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणचिन्ह, म्हणजे आपण ज्याला आयएसआय मार्क म्हणतो ते, सक्तीचे होते. ते नसता असे अन्न बनवता किंवा विकता येत नव्हते. आणि या नियमात उलाढालीची सूट नव्हती. महिन्याला नव्वद पिशव्या विकणारी गृहिणी आणि नव्वद टन विकणारा कारखाना यांना दार एकच होते.

शुल्क आणि अट

मानक ब्युरोच्या परवान्याच्या अर्जाचे शुल्क १,००० रुपये, वार्षिक परवाना शुल्क १,००० रुपये आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रत्येक दिवसाचे ७,००० रुपये, असे आकडे ताईंच्या यजमानांनी कागदावर मांडले. त्याखेरीज चिन्ह वापरण्याचे किमान वार्षिक शुल्क वेगळे होते. त्यांचे म्हणणे असे की कर्ज काढून एवढे जमवता येईल. त्यांची बेरीज बरोबर होती, पण ती चुकीच्या गोष्टीची होती.

खर्च शुल्कात नसतो, शुल्कामागच्या अटीत असतो. प्रमाणकानुसार प्रत्येक घाणा ठरावीक चाचण्यांतून जावा लागतो आणि त्यातील नेहमीच्या चाचण्या उत्पादनाच्या जागीच करण्याची सोय असावी लागते. त्यात रासायनिक चाचण्या आहेत आणि जिवाणूंच्याही आहेत. जिवाणूंच्या चाचण्यांना स्वतंत्र बंदिस्त खोली, उष्मायन पेटी, निर्जंतुकीकरणाचे यंत्र आणि ते वापरू जाणणारी शिकलेली व्यक्ती लागते. आम्ही ज्या सल्लागाराला विचारले त्याने जागा, यंत्रे आणि प्रयोगशाळा मिळून चौदा ते पंधरा लाखांचा अंदाज दिला, आणि त्यात रसायनतज्ज्ञाचा पगार धरलेला नव्हता.

याहूनही मुळाशी जाणारी एक गोष्ट होती. या वर्गातील अन्नाला ओलावा फार कमी आणि प्रथिने बरीच जास्त असावी लागतात, शिवाय जीवनसत्त्वे व खनिजांचे प्रमाण सांभाळावे लागते. नाचणीत मुळात साधारण सात टक्के प्रथिने असतात. मोड आणून पचायला हलकी झाली तरी ती त्या पातळीला जात नाही. म्हणजे पंधरा लाख खर्चूनही निव्वळ नाचणीचे सत्त्व या प्रमाणकात बसले नसते. त्यात डाळ किंवा दूध भुकटी मिसळावी लागली असती, आणि मग सासूबाईंचे सत्त्व हे जे ताईंचे वेगळेपण होते तेच उरले नसते. हा मुद्दा आम्हाला तिसऱ्या बैठकीत समजला. पहिल्या बैठकीत समजला असता तर सल्लागाराकडे जाण्याचे कारणच पडले नसते.

स्वच्छतेची बाजू

परवान्याची चर्चा चालू असतानाच पावसाने आपली बाजू मांडली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातील घाण्याच्या अकरा पिशव्या परत आल्या. काहींत गुठळ्या होत्या, दोन पिशव्यांत किडे निघाले. मी त्यातली एक पिशवी फोडून मूठभर पीठ दाबले. चांगले वाळलेले सत्त्व मूठ उघडताच भुरभुरून सुटते. हे लाडवासारखे वळलेले राहिले आणि त्यावर बोटांचे ठसे उमटले. वासही किंचित कोंदट होता.

कारण दळणात नव्हते, वाळवणात होते. मोड आलेले धान्य हे ओले, उबदार आणि पोषक असते. बुरशीला आणि जिवाणूंना याहून सोयीची जागा नाही. उन्हाळ्यात ते गच्चीवर एका दिवसात कडकडीत होते, म्हणून धोका दिसत नाही. पावसाळ्यात तेच धान्य पंख्याखाली दोन-तीन दिवस दमट राहते. वरून भाजले तरी दाण्याच्या आत ओल उरते आणि ती पिशवीत बाहेर येते. त्यात गच्ची उघडी असल्याने धूळ, कबुतरे आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीचे गळणारे पाणी या गोष्टी होत्याच. लहान व्यावसायिकासाठीही स्वच्छतेचे किमान निकष अन्नसुरक्षा नियमांच्या परिशिष्टात दिलेले आहेत. अन्न उघड्यावर, घाणीच्या किंवा पक्ष्यांच्या संपर्कात राहू नये आणि पाणी पिण्यायोग्य असावे, एवढ्या साध्या अपेक्षाही गच्ची पूर्ण करत नव्हती.

शिवाय गच्ची ताईंची नव्हती. ती सोसायटीची सामायिक जागा होती. सचिवांनी मे महिन्यात तोंडी हरकत घेतली होती आणि ताईंनी ती शेजाऱ्यांची कुरकुर म्हणून सोडून दिली होती. ज्या जागेवर आपला हक्क नाही, त्या जागेच्या आधाराने उत्पादन खर्च काढलेला होता. घरघंटीच्या आवाजाबद्दलही खालच्या मजल्यावरून तक्रार होती. विजेचे मात्र अडले नसते: घराच्या काही भागात लहान व्यवसाय करणाऱ्याला महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दर लागू राहू शकतो, आणि ताई त्या मर्यादेत होत्या. सगळ्याच गोष्टी महाग होत नसतात, हे सांगण्यापुरता हा मुद्दा येथे घेतला.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय बाळांच्या अन्नाच्या मार्गानेच रीतसर जाण्याचा होता. तो का सोडला हे वर आले आहे. दुसरा पर्याय असा होता की आधीच परवाना असलेल्या कारखान्याकडून आपल्या नावाने माल बनवून घ्यायचा. एका ठिकाणी चौकशी केली तेव्हा एका वेळी किमान अर्धा टन माल घ्यावा लागेल असे कळले. ताईंचा खप महिन्याला बावीस-तेवीस किलो असताना तो माल संपायला दीड वर्षाहून अधिक लागला असता.

तिसरा पर्याय यजमानांनी सुचवला आणि त्यावर बराच वेळ गेला. त्यांचे म्हणणे, बाळाचे नाव काढून टाकू आणि ‘मधुमेहींसाठी नाचणी सत्त्व’ असे लिहू. गिऱ्हाईक तर आणखी मोठे आहे. कल्पना व्यापारी दृष्टीने वाईट नव्हती. परंतु रोगावर किंवा विशिष्ट रुग्णांसाठी उपयुक्त असल्याचा दावा केला की जाहिरात व दाव्यांसंबंधीचे २०१८ चे विनियम लागतात आणि पदार्थ विशेष आहाराच्या वर्गात ढकलला जाऊ शकतो. तेथे १०० रुपयांची नोंदणी पुरत नाही. आरोग्यपूरक पदार्थांच्या उत्पादनाला केंद्रीय परवाना लागतो आणि त्याचे शुल्क वर्षाला ७,५०० रुपये असते, अटी तर वेगळ्याच. मोड आणून पीठ केलेल्या नाचणीने रक्तातील साखर कशी वागते हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात उतरण्यासारखे ते होते.

चौथा पर्याय सर्वांत साधा दिसणारा होता: हेच उत्पादन घरातल्या सगळ्यांसाठीचे साधे पीठ म्हणून विकायचे. चित्र नाही, वय नाही, दावा नाही. मग १०० रुपयांची नोंदणी, पीठ हा वर्ग, आणि स्वच्छतेच्या किमान अटी एवढ्यावर काम भागते.

या पर्यायावर ताईंनीच एक प्रश्न विचारला, आणि मला तो या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. पिशवीवरून बाळ काढले, पण फोनवर आई विचारेल, “सात महिन्यांच्या बाळाला चालेल ना?” तेव्हा काय सांगायचे? यजमानांचे उत्तर होते की फोनवर ‘हो’ म्हणायला कोण अडवणार. कायदा ‘विकले किंवा मांडले जाते’ असे म्हणतो, फक्त ‘छापले जाते’ असे म्हणत नाही. लेबल बदलून संदेशात तेच सांगणे म्हणजे पाटी बदलून दुकान तेच ठेवणे. आणि कायद्यापलीकडेही एक गोष्ट होती: जुलैच्या घाण्यातल्या दोन पिशव्यांत किडे होते आणि त्या पिशव्या सात-आठ महिन्यांच्या बाळांच्या घरी गेल्या होत्या. ताईंनी त्या बैठकीत एवढेच म्हटले, “माझ्या मुलाला मी ते घातलं नसतं.”

केलेली कार्यवाही

ताईंनी आधी विक्री थांबवली. परत आलेल्या पिशव्यांचे पैसे दिले आणि जुलैच्या घाण्यातून ज्यांना माल गेला होता त्या सगळ्यांना फोन करून तो टाकून देण्यास सांगितले. चित्रफिती काढून टाकल्या. उरलेल्या सहाशे छापील पिशव्यांवर चिकटपट्टी लावून त्या वापराव्यात अशी सूचना आली होती. पण पट्टी निघाली की खालचे बाळ दिसते, म्हणून त्या रद्दीत गेल्या. औषध दुकानाची मागणी नाकारली. तिला नकार देणे ताईंना जड गेले, कारण महिन्याला दीडशे पिशव्या म्हणजे २४,००० रुपयांची विक्री होती.

पुढचा निर्णय जागेचा होता आणि येथे क्रमाला महत्त्व होते. नोंदणी विशिष्ट पत्त्यावर मिळते. घराच्या पत्त्यावर ती घेऊन नंतर जागा बदलली असती तर पिशव्या, क्रमांक आणि कागद पुन्हा करावे लागले असते. म्हणून आधी जागा ठरवली. जवळच तळमजल्यावर दहा बाय बाराची खोली ३,५०० रुपये भाड्याने आणि १५,००० रुपये अनामत देऊन घेतली. लादी, धुण्याचे बेसिन, खिडकीला जाळी आणि भिंतींना धुता येईल असा रंग यांना १८,००० रुपये लागले. ट्रे असलेला विजेवरचा ड्रायर ४६,००० रुपयांना घेतला. ही सर्वांत मोठी रक्कम होती, पण गच्ची, पाऊस, कबुतरे आणि सचिव हे चारही प्रश्न तिने मिटवले. दुकाने व आस्थापना कायद्याखाली दहापेक्षा कमी कामगार असल्याने नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागली.

मग अर्ज केला. तो एकदा परत आला, कारण ताईंच्या भाच्याने घाईत ‘किरकोळ विक्रेता’ हा प्रकार निवडला होता. ही चूक फार सामान्य आहे. विक्रेत्याच्या नोंदणीवर उत्पादन करता येत नाही, पण क्रमांक मिळाला की कोणी पुन्हा पाहत नाही, आणि तपासणीच्या दिवशी ती चूक बाहेर येते. आमच्या बाबतीत ती अर्जातच पकडली गेली हे बरे झाले. दुरुस्तीनंतर नवव्या दिवशी नोंदणी मिळाली. पाच वर्षांचे ५०० रुपये भरले.

वजनमापांचा विषय कोणाच्याच डोक्यात नव्हता. ताईंचा १,२०० रुपयांचा काटा स्वयंपाकघरासाठीचा होता; व्यापारासाठी मान्यता नसल्याने त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का बसत नाही. शिक्का बसणारा काटा ४,५०० रुपयांना आला आणि त्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. पूर्ववेष्टित माल बांधणारा म्हणून वैधमापन विभागाकडे ५०० रुपये भरून वेगळी नोंदणी केली.

नवे लेबल करताना आम्ही एकेक ओळ वाचत गेलो. नाव ‘मोड आलेल्या नाचणीचे पीठ (सत्त्व)’ असे ठरले. घटक एकच, नाचणी. निव्वळ वजन, कमाल किंमत, घाणा क्रमांक, बांधणीची तारीख, किती दिवसांत वापरावे, पत्ता, शाकाहारी चिन्ह आणि नोंदणी क्रमांक हे आले. पोषणमूल्यांचा तक्ता आणि टिकण्याचा काळ अंदाजाने न लिहिता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतला. त्याला ७,५०० रुपये लागले. ‘ग्लुटेन नाही’ असे लिहावे का, हा प्रश्न भाच्याने काढला. घरघंटीवर गव्हाचे घरचे दळणही होत असल्याने ते लिहिले नाही, आणि घरचे दळण त्या दिवसापासून बाहेरच्या गिरणीत जाऊ लागले. नव्या पिशव्यांना ९,००० रुपये पडले.

बंगळुरूहून दोन मराठी कुटुंबांनी मागणी केली होती. वस्तू करपात्र असेल तर राज्याबाहेर विक्री करताना उलाढालीची सूट मिळत नाही, पहिल्याच विक्रीपासून जीएसटी नोंदणी लागते. आणि वेष्टित, लेबल लावलेल्या पिठावर त्याच जुलैपासून पाच टक्के कर आला होता. दोन कुटुंबांसाठी विवरणपत्रांची कटकट परवडणारी नव्हती. सध्या महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा नाही असे ठरले.

परिणाम

नव्याने झालेला खर्च १,०१,००० रुपये होता आणि आधीचे २७,००० धरले तर एकूण १,२८,००० रुपये झाले. भाडे आणि ड्रायरची वीज ही दरमहाची भर वेगळी. खोलीला बिगरघरगुती मीटर असल्याने युनिटचा दर घरापेक्षा जास्त लागला.

विक्री नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. पहिल्या तीन महिन्यांत ती चाळीस पिशव्यांवर आली, कारण जुने गिऱ्हाईक बाळांच्या आयांचे होते आणि ताई आता त्यांना “बाळाच्या आहाराचं डॉक्टरांना विचारा, आमचं हे घरच्यांसाठीचं पीठ आहे” असे सांगत होत्या. काही जणींना ते उद्धट वाटले. उन्हाळ्यात अंबिलीचे पीठ आणि मेतकूट यांची जोड दिल्यावर खप वाढला आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत तिन्ही मिळून महिन्याला दोनशे पिशव्यांच्या पुढे गेला. पावसाळ्यात एकही पिशवी परत आली नाही. किमतीत मात्र फरक पडला: बाळाचा खाऊ म्हणून १६० रुपये देणारे हात साध्या पिठाला १२० रुपयेच देतात. गुंतवणूक अजून पूर्ण वसूल झालेली नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महाग चूक मार्च महिन्यात झाली: छपाई आधी आणि चौकशी नंतर. पाच हजारांची छपाई ही रक्कम लहान, पण तिने पुढचे चार महिने चुकीच्या गिऱ्हाइकात घालवले. छापण्याआधी लेबलाचा कच्चा मजकूर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात दाखवला असता तर वयाच्या ओळीवर तेथेच बोट ठेवले गेले असते. नंतर आम्ही तेथे गेलो तेव्हा अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी पिशवी हातात घेतल्याबरोबर पहिला प्रश्न त्या ओळीबद्दलच विचारला होता.

ड्रायर आधी घेऊन खोली नंतर घेतली असती तर काही महिने घरातूनच काम चालले असते का, यावर आमचे एकमत नाही. ताईंच्या मते चालले असते आणि भाड्याचे वीस-एक हजार वाचले असते. माझे मत असे की सोसायटीत घरघंटीची तक्रार लेखी झाली असती आणि पत्ता बदलण्याचा खर्च आलाच असता. पाऊस किंवा बाळ हा विषय नसता तर कदाचित त्यांचे बरोबर ठरले असते.

आमच्या केंद्राच्या अर्जात ‘परवाना आहे काय?’ हा प्रश्न शेवटच्या पानावर होता आणि त्यापुढे ‘होय/नाही’ची चौकट होती. ताईंनी एप्रिलमध्ये तेथे ‘नाही, लवकरच काढणार’ असे लिहिले होते आणि मी त्यावर सही केली होती. आता ते पान पहिले आहे, आणि चौकटीऐवजी चार मोकळ्या जागा आहेत: हा माल कोणासाठी आहे असे पिशवी सांगते, त्याबद्दल ती काय वचन देते, तो नेमका कोठे वाळतो आणि दळला जातो, आणि ती जागा कोणाच्या मालकीची आहे. गेल्या वर्षी या पानावर एका जोडप्याने तिसऱ्या जागेत ‘मावशींच्या गोठ्याशेजारी’ असे लिहिले. त्यांचा अर्ज त्याच दिवशी मागे ठेवून आम्ही तिघे तो गोठा पाहायला गेलो.